सर्जा-राजा, ढवळ्या-पवळ्या : बैलजोडीच्या नावांमागचा हिशेब

१/
मराठी मुलखात बैलजोडीचे नाव घ्यायचे म्हटले की 'सर्जा-राजा' किंवा 'ढवळ्या-पवळ्या' आपसूक तोंडी येते. ही नावे लाडाची आणि कौतुकाची आहेत, असे सहसा मानले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. ज्या काळात बैल हेच शेतीचे इंजिन होते, त्या काळात ही नावे फाळ, कासरा, आसूड यांच्याइतकीच कामाची अवजारे होती. अवजाराला जशी घडण असते, तशी या नावांनाही होती.

२/
घडणीचा प्रश्न थोडक्यात असा. दोन नावे एका श्वासात, एका ठेक्यात म्हणता आली पाहिजेत, कारण दोन्ही बैलांनी एकाच क्षणी जोर लावायचा असतो. आणि तीच दोन नावे आरोळी ठोकल्यावर एकमेकांपासून वेगळीही ऐकू आली पाहिजेत, कारण कित्येकदा एकाच बैलाला सांगायचे असते. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. नावे जितकी जुळतील, तितकी ती ऐकताना एकमेकांत मिसळण्याचा धोका अधिक.

३/
हे समजण्यासाठी नांगरणीचे काम डोळ्यांसमोर आणावे लागते. दोन बैलांच्या मानेवर एकच जू. जुवाच्या मध्यभागी नांगराचे लांब इसाड बांधलेले. मागे जमिनीत रुतलेला फाळ आणि त्याच्या वर उभे रुमणे. नांगऱ्याचा एक हात रुमण्यावर दाबलेला असतो, कारण तो हात ढिला पडला की फाळ वर येतो. दुसऱ्या हातात आसूड. कासरा असतो; पण तो सतत ओढत राहण्याइतका मोकळा हात उरत नाही. शिवाय कासऱ्याचे टोक वेसणीला असते, म्हणजे प्रत्येक हिसका बैलाच्या नाकाला बसतो. म्हणून बरेचसे काम आवाजावर चालते.

४/
जू मध्यावर बांधलेले असल्यामुळे दोन्ही बैलांची चाल सारखी असणे अपरिहार्य असते. एक बैल वीतभर पुढे सरला की जू तिरके होते, इसाड एका बाजूला ओढले जाते आणि फाळ तासातून बाहेर सरकू लागतो. तास वाकडे झाले की पुढचे तासही त्याच्या कडेने वाकडेच जाते आणि मधे न नांगरलेली पट्टी राहते. नांगरलेले रान कोरडे असेपर्यंत ही चूक झाकली जाते. पेरणीनंतर मात्र तेथील पीक खुरटे निघते आणि चूक सगळ्या गावाला दिसते.

५/
म्हणून नांगऱ्याला दोन प्रकारची हाक लागते. पहिली जोडीची हाक : तास सुरू करताना, चढ लागल्यावर, फाळ मुळीत अडकल्यावर. येथे दोन्ही नावे लागोपाठ, एकाच लयीत म्हटली जातात आणि दुसऱ्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर दोघांनीही खांदा द्यायचा असतो. ओझे उचलताना हमाल एका सुरात आवाज काढतात, तसेच हे. लय मोडली तर एक बैल आधी ओढतो, दुसरा नंतर, आणि दोघांचाही जोर फुकट जातो.

६/
दुसरी एकट्याची हाक. तिचा खरा कस बांधाशी लागतो. समजा, जोडी तासाच्या टोकाला आली आहे आणि डावीकडे वळायचे आहे. अशा वेळी डाव्या बैलाने जवळजवळ जागच्या जागी पाय टाकत फिरायचे असते आणि उजव्याने मोठा फेर घेऊन यायचे असते. नांगऱ्या रुमणे उचलून फाळ मोकळा करतो, डाव्याचे नाव संथ, खालच्या सुरात घेऊन त्याला थोपवतो आणि उजव्याचे नाव तुटक, चढ्या सुरात घेऊन त्याला पुढे काढतो. प्रथम नाव, मग क्षणभर उसंत, मग हुकूम. नाव हे कान टवकारण्यासाठी, हुकूम त्यानंतर.

७/
आता यात गफलत झाली तर काय होते ते पाहावे. डाव्यासाठी घातलेली थोपवण्याची हाक उजव्यानेही आपलीच समजली, तर जोडी बांधावर अडून बसते. उलट, उजव्याला दिलेली हाक ऐकून डावाही पुढे झाला, तर दोघे बांधावर चढतात, इसाड ताणले जाते आणि आतल्या बैलाच्या पायाला फाळ लागण्याची भीती उत्पन्न होते. फाळाने खूर कापला गेलेला बैल ऐन हंगामात गोठ्यात बसतो. नावातील गोंधळाची किंमत अशी रोकडी असते.

८/
येथे बैलाच्या कानाचाही विचार करावा लागतो. रिकी आणि हेन्री हेफ्नर या अमेरिकन संशोधक दांपत्याने १९८३ मध्ये गुरांच्या श्रवणशक्तीची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांनुसार गुरांना सुमारे २३ हर्ट्झपासून ३५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. माणसाची वरची मर्यादा सुमारे २०,००० आहे. म्हणजे बारीक, उंच आवाज ऐकण्यात बैल माणसाच्या पुढे आहे, आणि ८,००० हर्ट्झच्या आसपास त्याचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो.

९/
परंतु त्याच संशोधकांच्या नंतरच्या प्रयोगांतून दुसरीही गोष्ट दिसली. आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखण्यात गुरे फार कच्ची असतात. माणसाला साधारण एका अंशाचा फरक कळतो. गुरांना सुमारे तीस अंशांचा फरक लागतो. नांगऱ्या दोन्ही बैलांच्या मागे, मधोमध चालतो. त्याने तोंड डावीकडे वळवून हाक मारली काय किंवा उजवीकडे वळवून मारली काय, बैलाच्या लेखी ती मागूनच आलेली असते. हाक कोणासाठी आहे हे दिशेवरून ठरत नाही. ते नावावरूनच ठरावे लागते.

१०/
मग नाव ओरडले जाताना त्याचे काय होते? आरोळीचा जोर स्वरांत असतो. तोंड उघडून लांबवता येतात ते 'आ', 'ओ', 'ई' यांसारखे स्वर दूरवर जातात. 'क', 'प', 'त' यांसारखी व्यंजने क्षणात संपतात आणि वाऱ्यात विरतात. लांबच्या शिवारातून आलेली हाक ऐकू येते. पण शब्द कळत नाहीत, हा अनुभव याच कारणाने येतो. दोन नावांची परीक्षा घ्यायची तर व्यंजने गाळून नुसते स्वर म्हणून पाहावेत. जे उरते, तेवढेच वाऱ्याच्या दिवशी बैलापर्यंत निश्चित पोहोचते.

११/
या कसोटीवर 'हिरा-मोती' ही जोडी उत्तम उतरते. दोन्ही नावे दोन-दोन अक्षरांची, म्हणून ठेका सारखा. स्वर मात्र उलटसुलट : हिरामध्ये 'ई-आ', मोतीमध्ये 'ओ-ई'. एक नाव उघड्या तोंडाने संपते, दुसरे मिटत्या तोंडाने. कितीही वारा असो, ही दोन नावे एकमेकांत मिसळत नाहीत. मराठीत आणि हिंदीत, दोन्हीकडे ही जोडी रूढ आहे. प्रेमचंदांनी १९३१ मधील 'दो बैलों की कथा' या कथेत झूरीच्या बैलांना हीच नावे दिली.

१२/
'सर्जा-राजा'ची घडण निराळी आहे. दोन्ही नावांचा शेवट 'जा' असा एकच. पहिले अक्षरही दोन्हीकडे वजनदार : एकात 'सर्', दुसऱ्यात 'रा'. त्यामुळे ताल अगदी एकसारखा पडतो आणि जोडीची हाक म्हणून यासारखी हाक नाही. वेगळेपण सारे आरंभी आहे. 'सर्जा' तोकड्या स्वराने आणि 'स'च्या फुत्काराने सुरू होते. 'राजा' आरंभापासूनच लांब, उघड्या 'आ'ने.

१३/
त्यातला 'स' विशेष लक्ष देण्याजोगा आहे. या वर्णाचा सुसकारा उंच कंपनांचा असतो. त्याचा बराचसा जोर ४,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे तो बैलाच्या सर्वांत तीक्ष्ण श्रवणाच्या जवळ जातो. उंच आवाज वाऱ्यात लवकर विरतो हे खरे. पण नांगऱ्या आणि बैल यांच्यात इसाडाच्या लांबीइतकेच, म्हणजे काही हातांचेच अंतर असते. तेवढ्या अंतरात 'स' पुरतो. शेतकऱ्याने हे मोजून ठरवले नव्हते. जी नावे कामात टिकली ती राहिली, जी फसली ती मागे पडली.

१४/
'सर्जा' या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. त्याचे मूळ फारसी 'शर्ज़ा' : खवळलेला, हिंस्र; विशेषतः सिंहासाठी वापरले जाणारे विशेषण. दख्खनच्या दरबारांत तो शब्द मानाचा झाला. विजापूरच्या तटबंदीत ज्या बुरुजावर 'मुलुख-ए-मैदान' ही प्रचंड तोफ आहे, त्याचे नाव शर्झा बुरुज. त्यावर सिंहांची शिल्पे आहेत. सर्जाखान हे आदिलशाही सरदाराचे नाव आणि 'सर्जेराव' हा कागलच्या घाटग्यांसारख्या मराठा घराण्यांचा किताब.

१५/
कवी भूषण यांनी शिवाजी महाराजांसाठी 'सरजा' हे संबोधन वारंवार वापरले. म्हणजे सतराव्या शतकात हा शब्द शौर्याचे बिरुद म्हणून चांगलाच रुळला होता. दरबारातून तो गावात आला आणि गावातून गोठ्यात. तेथे त्याला संस्कृत वळणाचा 'राजा' हा जोडीदार मिळाला. सिंह आणि राजा या अर्थांनी दोघे एका मानाचे, कोणी थोरला-धाकटा नाही. जोडीत हेही महत्त्वाचे, कारण जुवाखाली दोघांचा वाटा समान असतो.

१६/
'ढवळ्या-पवळ्या' ही जोडी याहून जुन्या वळणाची आहे, कारण ती रंगावरून आलेली आहे. ढवळा म्हणजे धवल, पांढरा. पवळ्याचे नाते पोवळ्याशी, म्हणजे प्रवाळाच्या तांबूस रंगाशी लावले जाते. काळ्या, तांबड्या, कोसा, हरण्या, चांद्या ही अशीच वर्णावरून किंवा कपाळावरच्या ठिपक्यावरून पडलेली नावे. अशा नावाचा एक फायदा असतो. परका गडीही बैल पाहून ओळखतो की ढवळ्या कोणता आणि पवळ्या कोणता.

१७/
या नावांच्या शेवटच्या 'या'मध्ये मराठी व्याकरण दडले आहे. आकारान्त पुल्लिंगी नामाला हाक मारताना 'या' लागतो : घोडा, पण 'अरे घोड्या'. तसेच ढवळा, पण 'अरे ढवळ्या'. म्हणजे 'ढवळ्या' हे मुळात हाक मारण्याचे रूप आहे. ते इतक्या वेळा उच्चारले गेले की तेच नाव होऊन बसले. बैलाचे नाव कागदावर लिहिण्यासाठी नव्हते, ओरडण्यासाठी होते, याचा यापेक्षा सरळ पुरावा मिळणार नाही.

१८/
मात्र स्वरांच्या कसोटीवर ही जोडी कमकुवत ठरते. पहिले अक्षर सोडले तर दोन्ही नावे तंतोतंत सारखी. भेद फक्त 'ढ' आणि 'प' यांत. त्यातल्या त्यात सावरणारी गोष्ट अशी की, हे दोन वर्ण स्वभावाने फार लांबचे आहेत. 'ढ' घोष आणि महाप्राण. त्याच्यासोबत श्वास सुटतो आणि पुढच्या स्वराचा सूरही किंचित खाली उतरतो. 'प' ओठांवर कोरडा फुटतो आणि सूर वरच राहतो. 'ढवळ्या' जड सुरू होतो, 'पवळ्या' हलका. जवळून हा फरक पुरतो. लांबून पुरत नाही.

१९/
'बाळ्या-काळ्या' अशी जोडी केली तर तेवढाही आधार राहत नाही. तेथे नांगऱ्याला सुरावर भर द्यावा लागतो : एकाचे नाव नेहमी खालच्या सुरात लांबवायचे, दुसऱ्याचे नेहमी वरच्या सुरात तोडायचे. बैल मग नावापेक्षा सूर ओळखू लागतो. अडचण येते ती गडी बदलल्यावर. नव्या गड्याच्या तोंडी नाव तेच, पण सूर वेगळा. आणि कालपर्यंत शहाणी असलेली जोडी आज हट्टी वाटू लागते. दोष बैलाचा नसतो.

२०/
अंतराचा प्रश्न खानदेश, विदर्भ, मराठवाड्याच्या काळ्या रानात आणखी तीव्र होई. हरळी माजलेली खोल काळी जमीन लाकडी नांगराने फोडायची तर एक जोडी पुरत नसे. चार, सहा, आठ बैल, कधी त्याहून अधिक, एकामागे एक जोड्यांनी जुंपले जात. पुढची जोडी नांगऱ्यापासून इतकी दूर की त्याची हाक तेथे नुसता कल्लोळ होऊन पोहोचे. म्हणून मधल्या जुवांवर पोरे बसवत, आणि नावे घेण्याचे काम ती करीत.

२१/
किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार करण्यास सुरुवात केली आणि पुढील काही दशकांत तो दख्खनभर पसरला. माती उलथवणारा हा नांगरही खोल जमिनीत दोनाहून अधिक बैल मागत असे. त्यामुळे लांबच लांब जुंपणी आणि तिच्याबरोबर नावांची हाकाहाक लगेच संपली नाही. लाकडाच्या जागी लोखंड आले. पण नांगर हाकणे आवाजावरच राहिले.

२२/
रंगावरून नाव ठेवण्याची सोय सगळीकडे नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. माणदेश, सोलापूर, सांगली या भागांत खिल्लार गुरे. ती बहुतेक पांढरी किंवा करडी छटा असलेली. तेथे दोन्ही बैल 'ढवळे'च. नांदेडकडे लाल कंधारी. तेथे दोन्ही तांबडे. शिवाय चांगली जोड म्हणजे रंग, उंची, शिंगे सारखी असलेली, ही बाजारातली पारख. जोड जितकी देखणी, तितका डोळ्यांना दोघांतला फरक कमी आणि नावावर भार अधिक. अशा ठिकाणी रंगाशी संबंध नसलेली 'सर्जा-राजा', 'हिरा-मोती' ही नावे उपयोगी पडत.

२३/
ही अडचण फक्त मराठी शेतकऱ्याची नव्हती. इंग्लंडच्या आग्नेय भागातील ससेक्स परगण्यात खडूच्या टेकड्यांवर बैलांनी नांगरण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली होती. तेथील बैल एकजात गडद तांबडे, म्हणजे डोळ्यांना फरक शून्य. तेथील हाळ्यांनी जोडीच्या नावांची जी रीत बसवली होती ती मराठी रीतीशेजारी ठेवली की दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

२४/
ससेक्सच्या जोड्यांची नावे अशी : 'हॉक' आणि 'फेझंट', म्हणजे ससाणा आणि रानपक्षी, 'क्विक' आणि 'निंबल', दोन्हींचा अर्थ चपळ, 'पर्ट' आणि 'लाइव्हली', दोन्ही तरतरीत. यांत यमक नाही. जोडी अर्थाने बांधलेली आहे आणि भेद लांबीने केलेला आहे. डाव्या बैलाचे नाव एका आघाताचे, उजव्याचे दोन आघातांचे. दोन्ही नावे लागोपाठ म्हटली की एक ठोका, मग दोन ठोके, असा पक्का ताल तयार होतो.

२५/
मराठी जोडी यमकाने बांधली जाते आणि आरंभीच्या ध्वनीने वेगळी होते. इंग्रजी जोडी अर्थाने बांधली जाते आणि लांबीने वेगळी होते. लांबीची युक्ती अधिक सुरक्षित म्हणावी लागेल, कारण वाऱ्यात शब्द विरला तरी एक ठोका की दोन, हे कळतेच. तिच्यात आणखी एक लाभ होता : नाव ऐकताच माणसालाही कळे की हा डावा की उजवा. मराठी नावांत बाजू सांगितलेली नसते. ती सवयीने ठरते. पण एकदा ठरली की मोडत नाहीत. डाव्या अंगाला शिकलेला बैल उजव्या अंगाला जुंपला तर तो बावचळतो.

२६/
मोटेवर तर नावाची गरज आणखी वेगळ्या प्रकारे भासे. विहिरीच्या धावेवरून बैल खाली चालत जाताना नाडा ओढला जातो आणि भरलेली चामडी मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते. मग त्याच बैलांनी मागे पावले टाकत पुन्हा विहिरीपर्यंत यायचे. मागे सरणे बैलाच्या स्वभावाविरुद्ध. त्याला मागचे दिसतही नाही. एक बैल तिरका सरला तर धावेच्या कडेवरून पाय घसरतो. त्यामुळे परतताना हाक बहुधा एकट्याची असे, आणि ती अचूक त्याच बैलाला लागावी लागे.

२७/
नव्या बैलाला नाव लागायचे ते जुन्याच्या शेजारी. गोऱ्हा औताला धरायचा झाला की त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपत. जुना बैल हाकेसरशी वळतो, नवा जुवामुळे त्याच्याबरोबर ओढला जातो आणि हळूहळू हाक व वळण यांचा संबंध त्याच्या डोक्यात बसतो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आज वाईट संगतीबद्दल वापरली जाते. गोठ्यात मात्र गुण चांगलाही लागत असे, आणि शेतकरी त्याच भरवशावर जोडी लावीत असे.

२८/
शिकवण बिघडवणारी चूकही ठरलेली असे. बैलाचे नाव घेऊन त्याला आसूड ओढायचा, असे वारंवार झाले की नाव हाच मार होऊन बसतो. मग नाव ऐकताच बैल कान मागे टाकतो, अंग चोरतो, शेजाऱ्याला रेलतो. ते नाव कामातून गेले असे समजावे. जाणता नांगऱ्या दटावताना नुसता 'हिर्र' किंवा 'हो' असा आवाज काढतो आणि नाव राखून ठेवतो, ते याच कारणासाठी.

२९/
जुळत्या नावांना आणखी एक अर्थ होता, आणि तो आर्थिक होता. 'सर्जा-राजा' असे म्हणायचे तर दोन्ही बैल एकाच दावणीचे हवेत. ज्याच्याकडे एकच बैल, तो शेजारच्या दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशी सावड किंवा पैरा करी : आज तुझे रान, उद्या माझे. अशा जुवाखाली एका घरचा 'राजा' आणि दुसऱ्या घरचा 'कोसा' येत. नावे जुळत नसत. ती ठेवताना एकमेकांचा विचार झालेलाच नसे. शिवारातून येणाऱ्या हाकेवरून कळे की हे औत एका घरचे आहे की दोन घरांचे.

३०/
१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील गुरे प्रचंड संख्येने मेली किंवा कवडीमोलाने विकली गेली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या हलाखीची कारणे मांडताना बैलांचा तुटवडा आणि जंगलखात्याने घेतलेली चराऊ राने यांची तक्रार केली आहे. जोडीतला एक बैल गेला की केवळ निम्मी ताकद जात नसे. उरलेला बैल एकट्याने नांगर ओढू शकत नाही. दुसरा मिळेपर्यंत घरचे औतच उभे राहते. 'जोड मोडली' हा शब्दप्रयोग त्या भीतीतून आलेला आहे.

३१/
ट्रॅक्टर आल्यावर हाकेचे काम संपले आणि नावे पोळ्याच्या सणापुरती, गोष्टींपुरती, सजावटीपुरती उरली. काम संपल्यावर नावांतले एक अंग टिकले आणि दुसरे गळाले. यमक टिकले, कारण ते माणसाच्या जिभेला गोड लागते. वेगळेपणाची गरज बैलाच्या कानाला होती. ती कोणाच्या ध्यानातही राहिली नाही. म्हणून कामाला अधिक सोयीची 'हिरा-मोती' मागे पडून ऐकायला सारखी 'ढवळ्या-पवळ्या' आज अधिक प्रसिद्ध आहे.

३२/
२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदेशीर ठरवलेल्या बैलगाडा शर्यतींत बैल पुन्हा नावाने गाजू लागले. पण तेथील नावे एकेकटी असतात : बकासूर हे त्यांतले सर्वांत परिचित. शर्यतीपुरते दोन मालकांचे दोन बैल एका जुवाखाली येतात, आणि कित्येक ठिकाणी त्यालाही 'पैरा'च म्हणतात. एके काळी न जुळणारी नावे म्हणजे एकबैल्या घराची नड होती. आता ती घाटावरची मिरवणूक आहे. सर्जा आणि राजा ज्यांच्या दावणीला शेजारी-शेजारी उभे असत, त्या घराची ओळख मात्र आता त्या दोन शब्दांतच शिल्लक आहे.